नडगी पोकळ वाजते

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीच्या रांगेत, चारचौघांच्या देखत, माझ्या मुलीची नडगी वाजवून पाहण्यात आली. बोटाच्या पेरानं, टकटक. मंडईत कलिंगड वाजवून घेतात ना, तश्शी. वाजवणाऱ्या गृहस्थांनी मान तिरकी करून आवाज ऐकला, क्षणभर डोळे मिटले आणि जाहीर केलं, “पोकळ आहे.”

परवाचीच गोष्ट आहे. अजून डोक्यातून जात नाही.

रेवा सात वर्षांची, दुसरीत आहे. साधं दूध पीत नाही. प्रस्तावना एवढीच. ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांना पुढचं सगळं ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही ते कितीही समजावलं तरी “लाडावून ठेवलंय” याच निष्कर्षाला येणार आहेत.

तर ते काका. सत्तरीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचा झब्बा-लेंगा, हातात कडीचा स्टीलचा डबा. डबा चक्क्यासाठी. प्लास्टिकच्या पिशवीत चक्का ‘घामेजतो’ असं त्यांनी पुढच्या बाईंना, बाईंनी विचारलेलं नसताना, सांगून झालं होतं. बाईंची पाठ दगडी निघाली, तेव्हा काका मागे वळले. मागे आम्ही होतो.

“काय गं, नाव काय तुझं?”

रेवानं सांगितलं.

“कितवीत?”

“दुसरीत.”

“वा! दूध पितेस ना रोज?”

जगाची जरा तरी समज असलेलं मूल इथे खोटं बोललं असतं. आमची कन्या म्हणाली, “नाही. वास येतो.”

“कसला वास?”

“दुधाचा.”

दुधाच्या दुकानात उभं राहून! काउंटरवरच्या मामांनी सुद्धा दह्यातला डाव अर्ध्यात थांबवला. काकांनी डबा खाली ठेवला आणि ते स्वतःही खाली बसले. बसताना त्यांचे दोन्ही गुडघे कटाकट वाजले, ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. पण त्या आवाजाचं निदान कुणी केलं नाही. मग ते पेर पुढे झालं आणि तो निकाल लागला.

“ताई, हे बघा,” काका मला म्हणाले, “हाड भरीव असलं की ठक् वाजतं. हिचं टक् वाजतंय.”

मी हसले. अशा वेळी बायका हसतात, ते हसणं. काकांना तो होकार वाटला. त्यांनी लेंगा वर करून स्वतःची नडगी वाजवून दाखवली. “ऐका. ठक्.” तुलनेला तिसरा नमुना हवा म्हणून माझ्या मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला म्हणाले, “जरा पाय पुढे घे रे.” आणि खरं सांगते, त्या पोरानं घेतला! कानातली बोंडंही न काढता त्यानं हाफ पँटीतला पाय पुढे केला, तो वाजवून घेतला आणि परत मोबाइलमध्ये बुडाला. त्याच्याविषयी काका थोडे साशंक होते. “मधला आवाज आहे. चहा पीत असणार.”

“साहेब, चक्का किती?” मामांनी विचारलं.

“थांबा हो मामा, इथे विषय काय चाललाय!”

विषय मग बराच वेळ चालला. काकांच्या लहानपणी दारात म्हैस होती. ते धारोष्ण दूध प्यायचे, तांब्याला तोंड लावून. त्यांच्या पाच भावंडांपैकी एकाचंही हाड कधी मोडलं नाही. एक जण आंब्यावरून पडला तर म्हणे फांदी मोडली. हल्लीच्या आयांना वेळ नसतो हे त्यांना मान्य होतं. “तुम्ही नोकरी करता का?” हा प्रश्न त्यांनी इतक्या हळुवारपणे विचारला की उत्तर ‘हो’ आलं तर मला सावरायला कुणी तरी जवळ असावं, असं त्यांना वाटत असावं. मी हो म्हटलं. “तरीच,” काका म्हणाले.

माझा नवरा तेव्हा फुटपाथवर स्कूटर लावून उभा होता. काका जाताना त्याला काय म्हणाले ते लगेच सांगून टाकते, नाहीतर मनात राहील. म्हणाले, “काय, आज सुट्टीचा आराम वाटतं?” बस. त्या पोकळ नडगीच्या अर्ध्या मालकाला एवढंच.

पण खरा घाव वेगळाच. जाता जाता त्यांनी मला उपाय दिला. “दूध नको म्हणते ना, नको देऊ. चक्का घाला तिला. पाच किलो दुधाचं सत्त्व एका किलोत उतरतं. पाणी सगळं गळून जातं, खाली राहतं ते निव्वळ कॅल्शियम.”

“आणि ते गळलेलं पाणी?” मी विचारलं.

“ते आम्ही तुळशीला घालतो.”

आता हे मी कुणाला सांगू? लग्नाआधी मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. दुधाची आम्लता काढणं, फॅट काढणं, निवळी तपासणं, हीच माझी नोकरी. त्या पाण्यात काय असतं हे रांगेत फक्त मला माहीत होतं आणि रांगेत फक्त मलाच शिकवणी चालू होती. रांग पुढे सरकली, मामांनी “पनीर किती?” विचारलं, आणि उत्तर घशातच राहिलं. ते इथे देते.

दुधातल्या कॅल्शियमपैकी साधारण दोन तृतीयांश हे केसिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक गाठोड्यांत बांधलेलं असतं. उरलेलं पाण्यात विरघळलेलं. दूध आंबू लागलं की ही गाठोडी सैल पडतात आणि त्यांतलं कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. दही नीट लागून आंबटसर होईपर्यंत जवळजवळ सगळंच पाण्यात उतरलेलं असतं. तुम्ही वाटीभर दही वाटीतूनच खाता तोवर यानं काही बिघडत नाही, कारण पाणीही त्याच वाटीत आहे. (दह्यावर सुटलेलं पाणी ओतून देणाऱ्यांनी मात्र हात आवरावा. ढवळून टाका. चव जाते असं वाटत असेल तर चिमूटभर मीठ घाला.) दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलंत की गोष्ट फिरते. पाणी गळतं, आणि पाण्याबरोबर ते सुटलेलं कॅल्शियमही टप टप खालच्या पातेल्यात जातं.

हिशेबच मांडू, कारण काका हिशेबाचे दिसत होते. एक किलो दह्यात मोटामोटी १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्याचा चक्का निघतो साडेतीनशे-चारशे ग्रॅम. म्हणजे सहाशेच्या वर ग्रॅम निवळी गळाली, आणि तिनं निम्म्याहून जास्त कॅल्शियम नेलं. चक्क्यात प्रथिनं एकवटतात, हे काकांचं खरं. कॅल्शियम एकवटत नाही. शंभर ग्रॅम चक्क्यात ते शंभर ग्रॅम दह्याइतकंच राहतं, फार तर उन्नीसबीस. मग त्या चक्क्यात तुम्ही त्याच्याच वजनाची साखर फेटता, वेलची-केशर घालता आणि श्रीखंड म्हणून वाढता, तेव्हा एका वाटीत साध्या दह्याच्या निम्मं कॅल्शियम आणि निम्मी साखर असते. श्रीखंड सणाचं आहे, सणाला खावं, मीही खाते. पण काकांच्या घरात सगळ्यांत भक्कम हाडं कुणाची असतील तर ती तुळशीची.

आणि ते ‘पोकळ’! नडगीचं हाड पोकळच असतं हो. लांब हाडं ही नळ्याच असतात, आत मगज असतो. सगळ्यांची. काकांचीसुद्धा.

आता जरा आमच्या घरात येऊ, कारण चुकीचा सल्ला फक्त रांगेतच मिळतो असं नाही. सासूबाईंचा विश्वास तुपावर. गरम भातावर तूप, पोळीला तूप, पुरणपोळीला वाटीभर तूप, “हाडाला वंगण लागतं”. सासूबाई माझ्यावर मनापासून माया करतात आणि तूप कढवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे मी त्यांच्यासमोर हे कधी बोलले नाही. पण कॅल्शियमचं आणि चरबीचं जमत नाही. दुधावरची साय काढा, विरजा, घुसळा, लोणी काढा, कढवा. या सबंध प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कॅल्शियम मागे राहत जातं आणि शेवटी बरणीतल्या साजूक तुपात त्याचं नावही उरत नाही. राहतं कुठे? ताकात. म्हणजे आपल्या घरात ज्याला सगळ्यांत जास्त मान ते तूप रिकामं, आणि लोणी काढून झाल्यावर “घ्या ताक, कुणाला हवंय का?” म्हणून जे दारावर येईल त्याला दिलं जायचं, ते भरलेलं. श्रीखंडाला चांदीची वाटी आणि निवळीला मोरी. पानातली ही सगळी पत हाडांच्या दृष्टीनं नेमकी उलटी लागलेली आहे, आणि तीच पत घेऊन लोक माझ्या मुलीची नडगी वाजवतात.

ताकाचंही एक आहे. आमच्याकडे ताक पातळ लागतं. वाटीभर दह्याला तीन वाट्या पाणी. त्या हिशेबानं पेलाभर ताकात पन्नास-साठ मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, साठ फार झालं. पाण्यानं ताक वाढतं, कॅल्शियम नाही. त्यामुळे “ताक पिते ना, मग झालं” असं म्हणणाऱ्या नणंदेला मी पाण्याचा पेला मोजायला सांगितलं, तर तिला राग आला. तो वेगळा विषय.

पनीरकडे येते. पनीर दह्याहून निराळं कसं, हे मलाही नोकरीत शिकेपर्यंत माहीत नव्हतं. पनीरला दूध उकळीपर्यंत तापवतो आणि लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडतो. गरम दूध फाटायला दह्याइतकी आंबट पातळी गाठावी लागत नाही; बरंच आधी ते फाटून मोकळं होतं. आंबटपणा कमी, म्हणून गाठोडी पूर्ण सुटत नाहीत, म्हणून बरंचसं कॅल्शियम पनीरच्या लादीतच अडकून राहतं. म्हशीच्या दुधाच्या चांगल्या पनीरमध्ये शंभर ग्रॅमला चारशे मिलिग्रॅमच्या पुढे मिळतं. पन्नास ग्रॅमचा तुकडा, म्हणजे दोन काडेपेट्यांएवढा, यात दोनशे. पेलाभर दुधाच्या अगदी जवळ, आणि वास नाही.

घरी करणार असाल तर इथेच हात घसरतो. उकळी येऊन गॅस बंद केला की दोन मिनिटं थांबा. एका लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून चमच्या-चमच्यानं घाला आणि प्रत्येक वेळी हळू ढवळा. पाणी हिरवट-पिवळं, आरपार दिसणारं झालं की थांबा. पाणी अजून दुधाळ असेल तर थोडं आणखी लागेल. पण पाणी निवळल्यावरही “एक चमचा असू दे” म्हणून घातलंत, तर पनीर आंबट होतं, वड्या चरचरीत आणि रेताड होतात, आणि कॅल्शियमही निवळीत उतरायला लागतं. चव आणि कॅल्शियम इथे एकाच बाजूला आहेत, असं फार क्वचित होतं, म्हणून सांगते. आणि ते हिरवट पाणी तुळशीला नाही, कणकेला घालायचं. पोळ्या मऊ होतात. आमटीला चालतं, भाताला चालतं. आमच्याकडे कुणाला आजवर पत्ता लागलेला नाही. हा लेख सासूबाई वाचणार नाहीत अशी आशा आहे.

बाजारच्या पनीरची माझी एक तक्रार आहे. हॉटेलात आणि लग्नात जे पांढरं, रबरी मिळतं, त्यातलं बरंच दुधाचं नसतं. वनस्पती तेल आणि पिठूळ काहीतरी यांची लादी असते. पाम तेलात कॅल्शियम कुठून असणार? घरी एक साधी परीक्षा करता येते. तुकडा पाण्यात उकळून गार करा, वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर त्यात पिष्ट आहे. नुसती तेलाची भेसळ मात्र या थेंबाला कळत नाही, तेव्हा “निळं नाही झालं” म्हणून नाचू नका. माझी खूण सोपी आहे: कच्चा तुकडा बोटांत चुरा. दुधाचं पनीर कणीदार चुरतं. ते दुसरं चिवटपणे वाकतं. याला प्रयोगशाळेत मान नाही, मामांच्या काउंटरवर आहे. मामा चुरायला देत नाहीत, पण मी चुरते.

आता वास. रेवाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून तिची बाजू मांडते. दूध तापलं की त्यातली निवळीची प्रथिनं उलगडतात आणि गंधकाचा अंश असलेला ‘उकळलेला’ वास सुटतो. एकदा उकळलं तर थोडा. आपण काय करतो? सकाळी पिशवी फोडून उकळतो, दुपारी चहाच्या वेळी पुन्हा, संध्याकाळी “नासेल म्हणून” पुन्हा, आणि रात्री झोपताना तेच दूध चौथ्यांदा तापवून, वर साय धरलेलं, मुलाच्या नाकाखाली धरतो. ती साय ओठाला चिकटते. मला विचाराल तर दूध न पिणारी मुलं शहाणी आहेत. एकदा उकळून, झाकून, लगेच गार करून फ्रिजमध्ये टाकलेलं दूध थंडच दिलं, तर वास फारच कमी येतो, कारण थंड पातेल्यातून वास उठतच नाही. आमच्याकडे निम्मी लढाई यावर सुटली. उरलेली निम्मी पावडरीवर अडली.

पावडरीचा डबा नणंदेनंच आणला. डब्यावर एक पोर उडी मारून बास्केटमध्ये चेंडू टाकतंय. रेवानं तीच पावडर चमच्यानं कोरडी खाल्ली, दूध माझ्यासाठी ठेवलं. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते मी भिंगातून वाचलं: ‘दुधाबरोबर घेतल्यास’ असा हिशेब. म्हणजे पेल्यातलं बरंचसं कॅल्शियम दुधाचं, आणि श्रेय त्या उडी मारणाऱ्या पोराचं. पावडरीत निम्म्याच्या आसपास माल्ट आणि साखर. २०२४ च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यात ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. डब्यावरचं पोर अजून उडतंच आहे.

चव लावायचीच, तर घरची लावा, म्हणजे साखर आपल्या हातात राहते. थंड दुधात चहाचा एक चमचा कोको, एक चमचा साखर आणि कणभर मीठ. कोको थेट थंड दुधात टाकलात तर तरंगतो, म्हणून आधी दोन चमचे गरम पाण्यात त्याची लापशी करून मग दूध ओतायचं. किंवा जायफळ-वेलची घालून मसाला दूध, पण थंड. बाजारच्या रंगीत बाटलीतल्या दुधातही कॅल्शियम दुधाइतकंच असतं, त्यात काही खोट नाही. गोडी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेनं वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर उत्तम असं सांगितलंय, आणि सात वर्षांच्या मुलाला ते दिवसाला साधारण पाच चमचे होतात. बाटलीनं त्यातले तीन-चार एका दमात संपतात, आणि संध्याकाळी वाढदिवसाचा केक असतोच. पुण्यात रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, हेही एकदा कुणीतरी मोजावं.

मग दिवस कसा जमवते? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय. काल असं झालं: दुपारी दीडशे ग्रॅम दही, गूळ घालून, त्याचे १८०. संध्याकाळी पनीरचा पन्नास ग्रॅमचा तुकडा, तव्यावर जिऱ्यात परतून, २००. रात्री चाळीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबोळी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून १४०. आणि अर्धा पेला थंड कोकोचं दूध, १२०. बेरीज ६४०, आणि पोळी-वरण-भाजीचं किरकोळ वेगळं. पेलाभर गरम दूध कुठेही नाही. रोज इतकं जमत नाही. ज्या दिवशी नाचणी नाकारली जाते त्या दिवशी पाचशेवरच गाडी थांबते, आणि एका दिवसानं कुणाची नडगी पोकळ होत नाही. आठवड्याचं बघायचं.

काकांनी निघता निघता आणखी एक सांगितलं होतं: “एकदा रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या, दूध का दूध होऊन जाईल.” याचाही राग आहे, कारण हे ऐकून लोक खरंच धावतात. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर जपतं. खाण्यात कमी पडलं की हाडातून काढून रक्तात आणतं. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी ताटात काय होतं ते त्यातून कळत नाही. मनगटं रुंद होणं, पाय धनुष्याकृती होणं, उंची अडणं, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ते ‘ड’ जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फटेज, गरज पडली तर एक्स-रे सांगतील. ‘ड’ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही, मग दही कितीही घाला. आणि ज्या मुलाला दुधानं पुरळ येतं किंवा श्वास लागतो, त्याला दही-पनीरही द्यायचं नाही. तिथे डॉक्टरांशिवाय पाऊल नको. टकटक नावाची तपासणी मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

हे सगळं मी काल रात्री नवऱ्याला सांगितलं. गाठोडी, निवळी, आंबटपणा, तुळस, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण काकांना श्रीखंडाची चव कळते हं. मामांकडचा चक्का चांगलाच असतो.” मी त्याच्याशी सध्या बोलत नाही.

आज सकाळी मात्र नवीन अडचण उभी राहिली. डब्यात दिलेलं पनीर रेवानं परत आणलं. मी कारण विचारलं. म्हणाली, “त्याला दुधाचा वास येतो.”

मी तिला म्हटलं, बाबांना सांग.